ट्रॅक्टरवरच्या छोट्या सर्किटला झेनर लावताना रेझिस्टर किती ओहमचा घ्यायचा?

गावाकडच्या मित्राच्या ट्रॅक्टरसाठी मी एक छोटं यंत्र बनवलं होतं. इंजिन किती तास चाललं ते मोजायचं आणि पाणी जास्त तापलं की बझर वाजवायचा, एवढंच त्याचं काम. आत ATmega328P ही चिप, एक तापमानाचा सेन्सर, दोन एलईडी आणि एक लहान बझर. चावी फिरवली की बझर तीन सेकंद सलग वाजून थांबेल, म्हणजे सगळं ठीक असल्याचं कळेल, अशी सोय ठेवली होती.

घरी टेबलावर सगळं नीट चाललं. ट्रॅक्टरवर बसवलं, मित्राने चावी फिरवली आणि बझर सलग वाजायच्या ऐवजी टिक-टिक-टिक करत राहिला, थांबेचना. इंजिन सुरू केलं की गप्प. इंजिन बंद करून पुन्हा चावी फिरवली की पुन्हा टिकटिक.

मीटर लावला तेव्हा उलगडा झाला. बझर वाजायला लागला की चिपला मिळणारे 5 व्होल्ट 4 च्याही खाली घसरत होते. व्होल्टेज 4.3 च्या खाली गेलं की चिप रीसेट व्हावी अशी तिची सेटिंग मीच केली होती. रीसेट झाली की बझर बंद, बझर बंद की व्होल्टेज पुन्हा वर, चिप पुन्हा सुरू, पुन्हा तपासणीचा बझर. असं ते चक्र होतं. चूक एकाच जागी होती, झेनरच्या आधी लावलेल्या रेझिस्टरमध्ये. तो मी 470 ओहमचा घेतला होता आणि त्याचा हिशेब फक्त टेबलावरच्या 14 व्होल्टवर केला होता.

हा लेख त्या रेझिस्टरबद्दल आहे. उदाहरण तेच ट्रॅक्टरचं घेतो, कारण तिथे इनपुट व्होल्टेजही हलतं आणि लोडही हलतो. दोन्ही हलत असतील तेव्हाच हा हिशेब खऱ्या अर्थाने करावा लागतो.

## सर्किट काय करतं

रचना अगदी साधी आहे. बॅटरीच्या प्लसपासून एक रेझिस्टर निघतो. त्याच्या दुसऱ्या टोकाला झेनर डायोड ग्राउंडकडे उलटा जोडलेला असतो, म्हणजे त्याची पट्टीची बाजू प्लसकडे. लोड झेनरला समांतर असतो. या रचनेला शंट रेग्युलेटर म्हणतात.

रेझिस्टरमधून जो करंट येतो तो दोघांत वाटला जातो: लोडला हवा तेवढा लोड घेतो, उरलेला झेनर पितो. लोडने जास्त मागितला की झेनरचा वाटा कमी होतो, लोडने कमी मागितला की झेनरचा वाढतो. झेनरकडे काहीतरी करंट शिल्लक आहे तोवर व्होल्टेज टिकतं. त्याचा वाटा संपला की झेनर सर्किटमध्ये असून नसल्यासारखा होतो आणि मागे उरतो नुसता रेझिस्टर, ज्यावर लोडच्या करंटच्या प्रमाणात व्होल्टेज पडत जातं. माझ्या पहिल्या सर्किटमध्ये हेच झालं. चावी चालू, इंजिन बंद, बॅटरी 12.2 व्होल्ट. 18 मिलीअँपचा लोड 470 ओहममधून गेला की साडेआठ व्होल्ट रेझिस्टरवरच खर्च होतात, चिपला 3.7 उरतात. प्रत्यक्षात व्होल्टेज पडलं की लोडही थोडा कमी खेचतो, म्हणून मीटरवर त्याहून जरा जास्त, 4 च्या जरासं खाली दिसत होतं.

म्हणजे रेझिस्टरला दोन बाजूंनी कुंपण आहे. फार मोठा घेतला तर इनपुट कमी आणि लोड जास्त असताना झेनर उपाशी राहतो. फार लहान घेतला तर इनपुट जास्त आणि लोड कमी असताना सगळा करंट झेनरमध्ये घुसतो आणि तो तापून मरतो. या दोन टोकांच्या मध्ये जी जागा उरते तिच्यातून रेझिस्टर निवडायचा.

## आधी चार आकडे मोजून घ्या

हिशेबाला बसण्याआधी इनपुटचं किमान आणि कमाल व्होल्टेज, आणि लोडचा किमान आणि कमाल करंट, हे चार आकडे कागदावर हवेत. "12 व्होल्टची बॅटरी" हा आकडा या कामाचा नाही.

इनपुट ट्रॅक्टरवर जाऊन मोजलं. बॅटरी बरीच उतरलेली, चावी चालू, इंजिन बंद, दिवे लावलेले: इथे मी किमान 10.8 व्होल्ट धरले. इंजिन चालू असताना अल्टरनेटर 14.2 ते 14.5 देतो, थंड सकाळी त्याहून थोडं जास्त, म्हणून कमाल 14.8 धरले. स्टार्टर फिरतो त्या क्षणी व्होल्टेज 8 पर्यंतही बुडतं. त्या क्षणासाठी मी डिझाइन केलेलं नाही, पण तेव्हा काय होतं ते शेवटाकडे तपासलं आहे. वायर उलटी जोडली गेली तर संरक्षण म्हणून तुम्ही इनपुटला 1N4007 लावणार असाल, तर किमान व्होल्टेजमधून त्याचे 0.7 आधीच वजा करा. कमाल मात्र तसंच ठेवा, म्हणजे चूक झाली तरी सुरक्षित बाजूला होते.

लोड मोजताना मीटर करंटवर लावून सर्किटला वेगळ्या 5 व्होल्टच्या सप्लायवर चालवलं. एलईडी आणि बझर बंद असताना 3 मिलीअँप, सगळं एकदम चालू असताना 18. बझरसारखी वस्तू असेल तर ती वाजत असतानाच मोजा. बझर ठोके देत वाजत असेल तर साधा मीटर सरासरी दाखवतो आणि खरा कमाल आकडा लपतो. म्हणून मी प्रोग्रॅम तात्पुरता बदलून बझर सलग चालू ठेवला.

## झेनर निवडताना होणारी चूक

दुकानात "5 व्होल्टचा झेनर द्या" म्हटलं की बहुतेक वेळा 1N4733A हातात येतो: 5.1 व्होल्ट, 1 वॉट. माझ्याकडेही तोच होता. पण त्याची डेटाशीट उघडली तर हे 5.1 व्होल्ट 49 मिलीअँपवर मोजलेले आहेत. माझ्या सर्किटमध्ये वाईट क्षणी झेनरला 5 मिलीअँपच मिळणार. तिथे तो 5.1 देत नाही, बराच खाली राहतो.

याचं कारण झेनरच्या आतच आहे. साधारण 5 व्होल्टच्या खालच्या झेनरचा गुडघा गोलसर असतो. करंट वाढेल तसं व्होल्टेज हळूहळू चढत जातं, एकदम ताठ उभं राहत नाही. सहा-सात व्होल्टच्या झेनरचा गुडघा याहून टोकदार असतो. म्हणून कमी व्होल्टेजच्या झेनरमध्ये "कोणत्या करंटला मोजलेला" हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो.

थोड्या करंटच्या कामाला BZX55 मालिकेतला अर्ध्या वॉटचा झेनर जास्त योग्य, कारण त्याचं व्होल्टेज 5 मिलीअँपवरच दिलेलं असतं. त्यातला BZX55C5V1 हा 5 मिलीअँपवर 4.8 ते 5.4 यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. इथे दुसरी अडचण येते. ATmega328P ला कामाची वरची मर्यादा 5.5 व्होल्टची आहे. एखादा नग 5 मिलीअँपवर 5.4 देत असेल, तर पुढच्या हिशेबात येणाऱ्या सगळ्यात जास्त करंटवर, म्हणजे साधारण 48 मिलीअँपवर, तो आणखी वर चढेल. किती? डेटाशीटनुसार 5 मिलीअँपवर त्याचा अंतर्गत अवरोध 35 ओहमपर्यंत असू शकतो. करंट वाढेल तसा हा अवरोध कमी होत जातो, तरीही सगळा हिशेब धरला तर वाढ 0.4 व्होल्टपर्यंत जाऊ शकते. म्हणजे 5.8. हे चालणार नाही.

वर आणि खाली या दोन बाजू सारख्या नाहीत. ATmega328P 8 मेगाहर्ट्झवर चालवली तर 2.7 व्होल्टपर्यंत ती बिनतक्रार चालते, म्हणजे खाली भरपूर जागा आहे. वर मात्र अजिबात नाही. म्हणून मी एक पायरी खाली उतरून BZX55C4V7 घेतला: 5 मिलीअँपवर 4.4 ते 5.0 व्होल्ट. चिपची रीसेटची सेटिंगही 4.3 वरून 2.7 वर आणली, कारण 4.4 देणारा नग आणि 4.3 चा रीसेट यांच्यात अंतर राहत नाही.

कागदावर पाहिलं तर 4.7 च्या झेनरचा गुडघा आणखी गोल आहे (5 मिलीअँपवर 60 ओहमपर्यंत), म्हणजे सगळ्यात वाईट नग 48 मिलीअँपवर साडेपाचच्याही वर जाऊ शकतो. म्हणून इथे डेटाशीटवर न थांबता नग मोजून घ्यायचे. ते कसं, हे पुढे सांगतो. तोवर हिशेबासाठी ठरवू: 5 मिलीअँपवर 4.4 ते 5.0, आणि सगळ्यात जास्त करंटवर 5.3 च्या वर जाणारा नग वापरायचा नाही.

## मोठ्यात मोठा रेझिस्टर

वाईट क्षण एकत्र मांडा: इनपुट सर्वात कमी, लोड सर्वात जास्त, झेनरचं व्होल्टेज सर्वात जास्त. तेव्हाही झेनरला 5 मिलीअँप मिळाले पाहिजेत. झेनरचं व्होल्टेज जास्त धरायचं कारण असं की मग रेझिस्टरवर उरणारं व्होल्टेज कमी होतं, आणि त्यातून करंटही कमी येतो.

```
Rmax = (Vin_min - Vz_max) / (IL_max + Iz_min)
     = (10.8 - 5.0) / (0.018 + 0.005)
     = 252 ohm
```

5 मिलीअँप हा आकडा कुठून आला? झेनरचं व्होल्टेज डेटाशीटमध्ये त्याच करंटवर दिलं आहे, म्हणजे त्याच्या खाली गेलं की आपल्याकडे हमीचा आकडाच राहत नाही. काही जण कमाल करंटच्या दहा टक्के धरतात. मला डेटाशीटचा मोजणीचा करंट जास्त विश्वासाचा वाटतो.

## लहानात लहान रेझिस्टर

आता उलट टोक. इनपुट 14.8, लोड सर्वात कमी. मी इथे लोड 3 मिलीअँप न धरता शून्य धरतो. शेतात कुणीतरी कनेक्टर काढेल, एखादी वायर तुटेल, आणि त्या दिवशी झेनर एकटा उरेल. शंट रेग्युलेटरमध्ये लोड काढला की झेनरला आराम मिळत नाही, त्याच्यावरचं ओझं वाढतं.

झेनर किती उष्णता सोसेल हे आधी ठरवायला हवं. डायोडवर "अर्धा वॉट" असं लिहिलेलं असतं ते 25 अंशांच्या आसपासच्या हवेसाठी. विदर्भातल्या मे महिन्यात ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डमागे बंद डब्यात 60 अंश सहज होतात. BZX55 चा उष्मारोध वॉटमागे 300 अंश आणि आतल्या जंक्शनची कमाल मर्यादा 175 अंश. म्हणून 60 अंशांच्या डब्यात त्याला परवडणारी उष्णता अशी:

```
P = (175 - 60) / 300 = 0.38 W
```

अगदी कडेवर चालायचं नाही म्हणून मी 0.3 वॉट धरला. व्होल्टेज 5.3 धरलं तर करंट 56 मिलीअँप. त्यावरून:

```
Rmin = (Vin_max - Vz_min) / (Iz_max + IL_min)
     = (14.8 - 4.4) / (0.056 + 0)
     = 186 ohm
```

इथे एक बारकावा आहे. करंटसाठी मी झेनरचं व्होल्टेज सर्वात कमी (4.4) धरलं, पण उष्णतेसाठी सर्वात जास्त (5.3). एकाच डायोडला दोन्ही एकदम लागू होत नाहीत, हे खरं. पण दोन्ही चुका सुरक्षित बाजूच्या आहेत, आणि हिशेब सोपा राहतो. उष्णतेला कमी व्होल्टेजचा नग सगळ्यात वाईट असेल, असं वाटणं स्वाभाविक आहे, कारण त्यातून जास्त करंट जातो. पण झेनरचं व्होल्टेज इनपुटच्या निम्म्यापेक्षा कमी असेल तोवर जास्त व्होल्टेजचा नगच जास्त तापतो. करंट थोडा कमी होतो, व्होल्टेज त्याहून जास्त प्रमाणात वाढतं.

## खिडकीतून एक रेझिस्टर

म्हणजे खिडकी 186 ते 252 ओहमची. साधा रेझिस्टर पाच टक्के इकडेतिकडे असतो, म्हणून दोन्ही कडा आत ओढायच्या: 186 ला 0.95 ने भागलं की 196, आणि 252 ला 1.05 ने भागलं की 240. या दरम्यान सर्वसाधारण दुकानात सहज मिळणारा 220 ओहमचा आहे. तो दोन्ही कडांपासून जवळपास सारखाच दूर पडतो.

निवडल्यावर दोन्ही टोकं त्या खऱ्या रेझिस्टरने पुन्हा तपासायची. पाच टक्के जास्त, म्हणजे 231 ओहम, आणि पाच टक्के कमी, म्हणजे 209 ओहम:

```
Iz_min = (10.8 - 5.0) / 231 - 0.018 = 0.0071 A
Iz_max = (14.8 - 4.4) / 209         = 0.0498 A
Pz     = 5.3 * (14.8 - 5.3) / 209   = 0.24 W
```

वाईट क्षणी झेनरला 7 मिलीअँप मिळतात, हवे होते 5. लोड काढला तरी 50 च्या आत राहतो. 0.24 वॉट म्हणजे हवेपेक्षा 72 अंश जास्त. 60 अंशांच्या डब्यात जंक्शन 132 अंशांवर. हाताला चटका बसेल, पण मर्यादेत आहे.

आता रेझिस्टरची उष्णता. सर्वात जास्त व्होल्टेज त्याच्यावर 14.8 वजा 4.4, म्हणजे 10.4 व्होल्ट. त्याचा वर्ग भागिले 209, साधारण 0.52 वॉट. पाव वॉटचा रेझिस्टर इथे काळा पडेल, अर्ध्या वॉटचा कडेला राहील. पण हा त्याचा सगळ्यात वाईट दिवस नाही. आउटपुट शॉर्ट झालं तर पूर्ण 14.8 व्होल्ट त्याच्यावर येतात आणि 1.05 वॉट होतात. मी 2 वॉटचा मेटल ऑक्साइड रेझिस्टर घेतला आणि बोर्डापासून अर्धा सेंटीमीटर वर उचलून सोल्डर केला. त्याच्या खाली इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर ठेवू नका, तो वाळून मरतो.

## झेनरचे नग कसे मोजायचे

दहा-बारा झेनर एकदम घ्या, ते महाग नाहीत. 12 व्होल्टचा अॅडॉप्टर, एक 1.5 किलोओहमचा आणि एक 150 ओहमचा (1 वॉट) रेझिस्टर पुरेसा आहे. आधी 1.5 किलोओहममधून झेनर जोडा, साधारण 4.9 मिलीअँप जातात. मीटरवरचं व्होल्टेज लिहा. मग 150 ओहममधून जोडा. आता 48 मिलीअँपच्या आसपास जातात आणि झेनर तापायला लागतो. लगेच आकडा लिहू नका. दोन मिनिटं थांबा. 4.7 व्होल्टचा झेनर तापला की त्याचं व्होल्टेज थोडं खाली सरकतं, आणि प्रत्यक्ष वापरात तो तापलेलाच असणार. तरी थंड असतानाचा पहिला आकडाही बघून ठेवा, कारण थंड सकाळी चावी फिरवल्या क्षणी चिपला तोच सोसायचा असतो. त्या पहिल्या आकड्यालाच 5.3 ची अट लावा.

ज्या नगाचा 48 मिलीअँपचा आकडा 5.3 च्या वर गेला तो बाजूला ठेवा. त्याचा दोष काही नाही, दुसऱ्या कामाला येईल. मी प्रत्येक चांगल्या नगाला कागदाची पट्टी चिकटवून त्यावर दोन्ही आकडे लिहितो. सहा महिन्यांनी दुरुस्तीला परत आलं की ती पट्टी फार उपयोगी पडते.

## स्टार्टर, झटके आणि कॅपॅसिटर

स्टार्टर फिरताना इनपुट 8 व्होल्टवर आलं, तेव्हा 231 ओहममधून 18 मिलीअँप गेले तर 4.2 व्होल्ट रेझिस्टरवर पडतात आणि चिपला 3.8 मिळतात. झेनर तेवढ्यापुरता बाद, पण चिप 2.7 पर्यंत चालते. म्हणजे रीसेट नाही, तासांची मोजणी चालू. जुन्या सेटिंगवर ती इथेही रीसेट झाली असती.

झेनरला समांतर 100 मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक आणि चिपच्या पायांजवळ 0.1 मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लावा. मोठा कॅपॅसिटर बझर सुरू होतानाचा धक्का पचवतो, लहान चिपच्या आतल्या झपाट्याच्या ओढीला लागतो. मात्र मोबाईलचं मॉड्यूल या सर्किटवर चालवायचा विचार करू नका. ते क्षणभर दोन अँपपर्यंत ओढतं. 220 ओहममधून ते कधीच येणार नाहीत, आणि कॅपॅसिटर वाढवून ही उणीव भरत नाही.

गाडीत आणखी एक धोका असतो. अल्टरनेटर बॅटरी चार्ज करत असताना बॅटरीची केबल सुटली तर वायरींमध्ये क्षणभर कितीतरी जास्त व्होल्टचा झटका येतो. शंट रेग्युलेटरचा इथे एक फायदा आहे: झटका आधी रेझिस्टरवर पडतो, झेनर त्याला दाबतो. 40 व्होल्टचा छोटा झटका आला तर झेनरमधून सुमारे 170 मिलीअँप क्षणभर जातील, तो सोसेल. पण मोठ्या आणि लांबलेल्या झटक्याला अर्ध्या वॉटचा झेनर पुरेसा नाही. इनपुटच्या टोकाला अर्ध्या अँपचा फ्यूज आणि त्यानंतर असे झटके दाबणारा, गाडीसाठीचा 24 व्होल्टचा टीव्हीएस डायोड लावाच.

## खिडकी बंद झाली तर

समजा मित्राने सांगितलं, चार एलईडी आणखी लाव. लोड 40 मिलीअँप झाला आणि किमान इनपुट 9 व्होल्ट धरायचं ठरवलं:

```
Rmax = (9 - 5.0) / (0.040 + 0.005) = 89 ohm
```

आपला Rmin 186 वर आहे. मोठ्यात मोठा रेझिस्टर लहानात लहान रेझिस्टरपेक्षाही लहान निघाला, म्हणजे बसेल असा रेझिस्टर जगात नाही. हे दिसलं की आकडे ओढूनताणून जुळवत बसू नका. मोठा, 1 वॉटचा झेनर लावून खिडकी रुंद करता येते, पण मग रेझिस्टर आणि झेनर मिळून दीड-दोन वॉट उष्णता बंद डब्यात ओतत राहतात. त्यापेक्षा झेनरच्या व्होल्टेजवर एक एनपीएन ट्रान्झिस्टर लावा. झेनरला फक्त बेसचा करंट पुरवावा लागतो, आउटपुट झेनरपेक्षा 0.65 व्होल्ट कमी मिळतं. नाहीतर सरळ 78L05 वापरा, तो 100 मिलीअँपपर्यंत देतो.

शंट रेग्युलेटर बॅटरीवर चोवीस तास चालणाऱ्या कामालाही घेऊ नये. 12.8 व्होल्टवर आपलं सर्किट 36 मिलीअँप सतत ओढतं, लोड झोपलेला असला तरी. दिवसाला 0.87 अँपतास. 7 अँपतासाची बॅटरी आठ दिवसांत रिकामी. ट्रॅक्टरवर हे चालून जातं, कारण वीज फक्त चावी चालू असताना मिळते आणि तेव्हा बहुतेक वेळ अल्टरनेटर फिरत असतो. म्हणून वायर चावीनंतरच्या फ्यूजवरूनच घ्या, थेट बॅटरीवरून नको.

## बसवल्यावर काय तपासायचं

पहिलं काम, झेनरमधला खरा करंट काढा. झेनरची तार तोडायची गरज नाही. मीटर व्होल्टवर ठेवून 220 ओहमच्या दोन टोकांवर लावा. आलेल्या व्होल्टला 0.22 ने भागलं की एकूण करंट मिलीअँपमध्ये मिळतो. त्यातून लोडचा आकडा वजा केला की उरतो तो झेनरचा. रेझिस्टरवर 5.9 व्होल्ट दिसले तर एकूण 26.8 मिलीअँप, 18 चा लोड वजा जाता झेनरला 8.8. हे मोजताना दिवे लावा, इंजिन बंद ठेवा आणि बझर वाजवा. या तीन गोष्टी एकदम केल्याशिवाय मोजणीला अर्थ नाही, कारण माझं पहिलं सर्किट यातल्या एकेका गोष्टीत वेगवेगळं पास झालं होतं.

मीटर काय सांगतो हे ओळखता आलं पाहिजे. आउटपुटवर 0.7 व्होल्ट दिसत असतील तर झेनर उलटा लागला आहे, पट्टी ग्राउंडकडे गेली आहे. आउटपुट शून्याजवळ आणि रेझिस्टर भाजतोय, तर झेनर आतून शॉर्ट झाला आहे किंवा लोडमध्ये कुठेतरी शॉर्ट आहे. लोड काढून पाहिलं की कळतं. जास्त तापून मरणारा झेनर बहुतेक वेळा शॉर्टच होतो, आणि चिपच्या दृष्टीने ते बरं, कारण ती वाचते. पण खूप मोठा करंट गेला तर तो उघडा पडतो, किंवा त्याची सोल्डर सुटते. मग हलक्या लोडला आउटपुट दहा व्होल्टच्याही वर चढतं आणि चिप जाते. म्हणून झेनरच्या दोन्ही सोल्डरी मी भिंगाखाली पाहतो. ट्रॅक्टरच्या थरथरीत तडा जाणारी पहिली जागा तीच असते, विशेषतः तार अगदी काचेच्या अंगालगत वाकवली असेल तर. तार काचेपासून दोन-तीन मिलिमीटर सोडून वाकवा.

मित्राच्या ट्रॅक्टरवर 470 ओहम काढून 220 ओहम आणि पट्टीवर 4.68 व 5.12 लिहिलेला झेनर बसवला. संध्याकाळी दिवे लावून, इंजिन बंद ठेवून चावी फिरवली. बझर तीन सेकंद सलग वाजला आणि थांबला. रेझिस्टरवर मीटर लावला, 7.1 व्होल्ट. म्हणजे 32 मिलीअँप, आणि बझर थांबलेला असल्यामुळे त्यातले 29 झेनरचे. मग त्याला इंजिन सुरू करायला सांगितलं. स्टार्टर फिरला, दिवे मंदावले, पण तासांचा आकडा होता तिथूनच पुढे चालू राहिला.